हुकूम कलेक्टरचा, वचन दुकानदारांचं: दुर्गा प्रसाद विरुद्ध बलदेव, १८८०

दुर्गा प्रसाद यांनी कलेक्टरच्या हुकमावरून गंजात, म्हणजे बाजारात, दुकानं बांधली. खर्च सगळा त्यांच्या पदरचा. बाजार उभा राहिल्यावर दुकानांमध्ये व्यापारी येऊन बसले, धंदा सुरू झाला. मग या व्यापाऱ्यांनी दुर्गा प्रसादांना वचन दिलं की, तुम्ही एवढा खर्च करून हा बाजार उभारलात, तर आमच्यामार्फत इथे जो माल विकला जाईल त्यावर आम्ही तुम्हाला दलाली देऊ. पुढे दलाली मिळेना, तेव्हा दुर्गा प्रसाद कोर्टात गेले. १८८० साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांच्या विरोधात निकाल दिला. कारण एकच: व्यापाऱ्यांच्या वचनाला प्रतिफल, म्हणजे कायदा मानेल असा मोबदला, नव्हतं.

करार कायद्याच्या पहिल्या वर्षाला हा खटला सगळेच वाचतात आणि परीक्षेत निकालही बरोबर लिहितात. घसरतात ते कारणात. उत्तरपत्रिकांमध्ये दोन वाक्यं ठरलेली असतात. पहिलं: ‘दुकानं वचनाच्या आधी बांधली होती, म्हणून प्रतिफल भूतकालीन होतं आणि भूतकालीन प्रतिफल चालत नाही.’ दुसरं वाक्य निकालावर टीका करणाऱ्या हुशार मुलांचं असतं: ‘वादीने इतका मोठा खर्च केला होता, तो पुरेसा मोबदला नव्हता असं कसं म्हणता येईल?’ दोन्ही वाक्यं दिसायला वेगळी असली तरी ती लिहिणाऱ्याने चुकवलेला प्रश्न एकच आहे. दुकानं कधी बांधली आणि किती पैसे घालून बांधली हे त्याने बघितलं. कोणाच्या सांगण्यावरून बांधली, हे बघायचं राहून गेलं.

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २(घ) मध्ये प्रतिफलाची व्याख्या आहे. सोप्या मराठीत ती अशी: वचन देणाऱ्याच्या इच्छेवरून, वचन घेणाऱ्याने किंवा दुसऱ्या कोणी एखादी गोष्ट केली असेल किंवा करायची टाळली असेल, किंवा तो ती करत असेल वा टाळत असेल, किंवा करण्याचं वा टाळण्याचं वचन देत असेल, तर ती कृती, ते टाळणं किंवा ते वचन हे मूळ वचनाचं प्रतिफल. वाक्य लांबलचक आहे आणि वाचताना डोळा नेमका मधल्या क्रियापदांच्या रांगेत अडकतो. सुरुवातीची ‘वचन देणाऱ्याच्या इच्छेवरून’ ही अट मात्र त्या सगळ्या क्रियापदांना लागू आहे. ती पुरी झाली नाही तर पुढचं काही बघायची गरजच उरत नाही.

आता ही व्याख्या या खटल्याला लावून बघा. वचन दिलं कोणी? व्यापाऱ्यांनी. दुकानं बांधली कोणाच्या इच्छेवरून? कलेक्टरच्या. बांधकाम सुरू झालं तेव्हा हे व्यापारी त्या गोष्टीत कुठेच नव्हते. त्यांनी कोणाला ‘बांधा’ म्हटलं नव्हतं. न्यायालयाने हेच पकडलं. वचनाचा आधार म्हणून वादीकडे दाखवायला फक्त बाजार उभारण्याचा खर्च होता आणि तो खर्च कलेक्टरच्या हुकमामुळे झाला, प्रतिवादींच्या इच्छेमुळे नाही. व्यापाऱ्यांना बाजाराचा फायदा झाला यात शंका नाही. पण एखाद्या कामाचा मला फायदा होणं वेगळं आणि ते काम माझ्या सांगण्यावरून होणं वेगळं. व्याख्येने फायद्याबद्दल एक शब्दही काढलेला नाही.

आणि खर्चाच्या आकड्याने इथे काहीही फरक पडत नाही. दुर्गा प्रसादांनी दहापट पैसे ओतले असते तरी निकाल तोच लागला असता. मोबदला पुरेसा आहे का, हा प्रश्न मोबदला आहे असं ठरल्यावरच विचारता येतो. इथे गाडी त्याच्या आधीच थांबली. त्यामुळे ‘अपुऱ्या प्रतिफलामुळे दावा फेटाळला’ असं जे काही टिपणांमध्ये छापलेलं दिसतं, ते सरळ चूक आहे.

मग ‘भूतकालीन प्रतिफल चालत नाही’ हे वाक्य मुलांच्या डोक्यात येतं कुठून? इंग्लंडमधून. तिथला सर्वसाधारण नियम तसाच आहे, आणि तो किती कडक आहे हे मॅकआर्डल कुटुंबाच्या १९५१ च्या खटल्यात दिसतं. वडिलांनी मृत्युपत्रात घर आईला हयातीपुरतं आणि तिच्यानंतर मुलांना दिलं होतं. एक मुलगा आणि सून त्या घरात राहत होते. सुनेने घराच्या दुरुस्त्या आणि सुधारणा करून घेतल्या, खर्च आला ४८८ पौंड. काम पुरं झाल्यावर सगळ्या भावंडांनी एका कागदावर सही केली, की तू या सुधारणा करशील त्याबदल्यात वाटणीच्या वेळी तुला ४८८ पौंड देऊ. कागदाची भाषा काम अजून व्हायचं असल्यासारखी होती. प्रत्यक्षात ते आधीच झालेलं होतं. अपील न्यायालयाने कागदाच्या भाषेकडे न बघता घटनाक्रमाकडे बघितलं आणि वचन प्रतिफलाशिवायचं ठरवलं. सुनेला एक पौंडही मिळाला नाही.

आपल्याकडची पाठ्यपुस्तकं इंग्रजी खटले आधी शिकवतात, मग भारतीय कलमं. विद्यार्थ्याच्या मनात पहिला नियम घट्ट बसतो आणि दुसरा त्याला जोडलेला अपवाद वाटतो. खरं तर भारतीय व्याख्येत ‘केली असेल’ हा भूतकाळ उघड उघड लिहिलेला आहे. आधी झालेलं काम आपल्याकडे प्रतिफल होऊ शकतं, फक्त ते वचन देणाऱ्याच्या इच्छेवरून झालेलं हवं.

हे पटवून घ्यायचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे याच खटल्यातली एकेक वस्तुस्थिती बदलून बघणं.

समजा कलेक्टर या गोष्टीतून वजा आहे. व्यापारी स्वतःच दुर्गा प्रसादांकडे आले आणि म्हणाले, ‘शेठजी, या जागेवर दुकानं बांधा, आम्हाला बसायला जागा नाही.’ दलालीचा विषय तेव्हा निघाला नाही. दुकानं झाली आणि सहा महिन्यांनी व्यापाऱ्यांनी दलालीचं वचन दिलं. काम वचनाच्या आधीचं आहे, हे मूळ खटल्यासारखंच. पण आता ते वचन देणाऱ्यांच्या इच्छेवरून झालेलं आहे. कलम २(घ) पुरं होतं आणि वचन कोर्टातून वसूल करता येतं.

याला मुंबई उच्च न्यायालयाचा आधार आहे. सिंधा श्री गणपतसिंहजी विरुद्ध अब्राहम या १८९५ च्या खटल्यात प्रतिवादी अज्ञान असताना त्याच्या इच्छेवरून वादीने त्याची कामं केली होती आणि तो सज्ञान झाल्यावरही त्याच्याच सांगण्यावरून ती चालू ठेवली होती. नंतर प्रतिवादीने त्या सेवेबद्दल वर्षासन देण्याचं वचन दिलं. सेवा होऊन गेलेली, वचन नंतरचं. तरीही न्यायालयाने ते प्रतिफल मानलं, कारण सेवा वचन देणाऱ्याच्या इच्छेवरून झाली होती. दुर्गा प्रसाद हरले आणि अब्राहम जिंकले. दोघांचंही काम वचनाच्या आधीचं होतं, तेव्हा या दोन निकालांमधला फरक ‘भूतकाळ’ या कारणाने समजावताच येत नाही. परीक्षेत हे दोन खटले शेजारीशेजारी मांडणारा विद्यार्थी क्वचित भेटतो. भेटला की बाकीचा पेपर न वाचताही मार्क द्यावेसे वाटतात.

(इंग्लंडमध्येही विनंतीवरून केलेल्या कामाला एक वाट आहे, १६१५ च्या लॅम्पली विरुद्ध ब्रॅथवेटपासूनची. पण तिथे काम करतानाच दोघांच्या मनात पैसे द्यायचे आहेत ही समजूत असावी लागते. आपल्या व्याख्येत तशी वेगळी अट लिहिलेली नाही.)

आता दुसरा बदल. समजा कलेक्टरही नाही आणि व्यापाऱ्यांनी सांगितलेलंही नाही. बाजारातल्या दुकानांची छपरं पावसात गळत होती, माल भिजत होता. दुर्गा प्रसादांनी कोणी न सांगता, व्यापाऱ्यांचं नुकसान टळावं म्हणून स्वतःच्या खर्चाने ती शाकारून दिली. नंतर व्यापारी म्हणाले, ‘तुमचा खर्च आम्ही भरून देऊ.’ इथे व्यापाऱ्यांची इच्छा आधी नव्हती, म्हणजे कलम २(घ) प्रमाणे प्रतिफल नाही. तरीही वचन टिकतं, कारण कलम २५(२) अशा वेळेसाठीच आहे. प्रतिफलाशिवायचा करार रद्दबातल हा कलम २५ चा मूळ नियम, आणि ज्याने स्वेच्छेने वचन देणाऱ्यासाठी आधीच काही केलं आहे त्याला भरपाई देण्याचं वचन हा त्याला अपवाद. कायद्यातलं उदाहरणच आहे: ‘ब’ची हरवलेली पैशाची पिशवी ‘अ’ला सापडते, तो ती परत देतो, ‘ब’ त्याला ५० रुपये देण्याचं वचन देतो. हा करार आहे. पिशवीत पाच रुपये होते की पाचशे, हे उदाहरणात सांगितलेलंच नाही, आणि त्याची गरजही नाही.

या अपवादासाठी लेखी कागद लागतो का, हे दरवर्षी कोणीतरी विचारतं. नाही लागत. जवळच्या नात्यातल्या माया-प्रेमापोटी दिलेलं वचन लेखी आणि नोंदणीकृत हवं, मुदतबाह्य कर्ज फेडण्याचं वचन लेखी आणि सहीचं हवं. या दोन अटी त्याच कलमाच्या शेजारच्या पोटकलमांतल्या आहेत आणि घाईत वाचणाऱ्याच्या हातून त्या इकडे चिकटतात.

मग मूळ खटल्यात दुर्गा प्रसादांना २५(२) का वाचवू शकलं नाही? दोन शब्दांकडे बघा: ‘स्वेच्छेने’ आणि ‘वचन देणाऱ्यासाठी’. कलेक्टरच्या हुकमावरून केलेलं काम स्वेच्छेचं म्हणणं अवघड आहे. आणि ते स्वेच्छेचं मानलं तरी व्यापाऱ्यांसाठी केलेलं नव्हतं. साहेबाचा हुकूम पाळायला केलेलं होतं. पुढे कोण येऊन बसणार याचा पत्ताही तेव्हा नव्हता. मॅकआर्डलच्या सुनेचा दावा मात्र आपल्याकडे या कलमाखाली मांडून बघण्यासारखा आहे. तिच्यावर कोणाची सक्ती नव्हती, घर पुढे त्या भावंडांचंच होणार होतं. तिने सुधारणा त्यांच्यासाठी केल्या की स्वतःच्या सोयीसाठी, यावर वाद रंगला असता. पण निदान कोर्टाच्या दारातूनच परत फिरावं लागलं नसतं.

आता तिसरा बदल, आणि इथे पुरेसेपणाचा प्रश्न पहिल्यांदा खऱ्या अर्थाने येतो. बांधकाम कलेक्टरच्या हुकमावरूनच झालं, जसं मूळ खटल्यात. पण व्यापारी म्हणाले, ‘शेठजी, आजपासून बाजारात रात्री एक रखवालदार ठेवा, आम्ही विक्रीवर दलाली देऊ,’ आणि दुर्गा प्रसादांनी ते कबूल केलं. रखवालदाराचा पगार समजा महिन्याला पाच रुपये आणि दलालीची रक्कम होते महिन्याला दोनशे. व्यापारी नंतर कोर्टात म्हणाले, ‘पाच रुपयांच्या कामाला दोनशे रुपये, हा काय व्यवहार झाला?’ कोर्ट त्यांना उभं करणार नाही. रखवालदार ठेवायचं वचन त्यांच्या इच्छेवरून दिलेलं आहे, कायद्याच्या नजरेत त्याला काही किंमत आहे, प्रतिफल झालं. सौदा महागात पडला की स्वस्तात, हे सौदा करणाऱ्याने बघायचं. कलम २५ च्या दुसऱ्या स्पष्टीकरणात हे सरळ लिहिलं आहे आणि त्याखालचं उदाहरण भलतंच टोकाचं आहे: हजार रुपयांचा घोडा दहा रुपयांना विकायचं ‘अ’ कबूल करतो, संमती मोकळेपणाने दिलेली आहे, करार पक्का.

लाखोंचा खर्च करूनही प्रतिफल शून्य, आणि पाच रुपयांचा रखवालदार ठेवला तर ते भरपूर. नवशिक्याला हे अन्यायाचं वाटतं, कारण तो दोन्ही वेळी आकडे मोजतो. कायदा पहिल्या वेळी ‘कोणाच्या इच्छेवरून’ विचारतो, दुसऱ्या वेळीही तेच विचारतो आणि उत्तर वेगळं येतं.

अर्थात त्याच स्पष्टीकरणाचं दुसरं अर्धं वाक्य विसरून चालत नाही. प्रतिफल अपुरं आहे म्हणून करार रद्द होत नाही, पण संमती खरोखर मोकळी होती का हे ठरवताना कोर्ट अपुरेपणा लक्षात घेऊ शकतं. म्हणूनच पुढच्या उदाहरणात तोच घोडा, तेच दहा रुपये, फक्त ‘अ’ म्हणतो की माझी संमती मोकळी नव्हती. आणि मग दहा रुपये हा आकडा पुरावा म्हणून कामाला येतो. आपल्याकडे हे जास्त दिसतं ते जमिनीच्या व्यवहारात. एकटी म्हातारी आत्या, तिची औषधं-पाणी बघणारा पुतण्या, आणि दोन एकर बागायत त्याच्या नावावर नाममात्र किमतीत. इथे ‘किंमत कमी आहे’ एवढंच म्हणून वकील थांबला तर दावा जाईल. तिच्यावर पुतण्याचा पगडा होता हे त्याने दाखवायला हवं; मग सौदा उघडच अवाजवी दिसत असेल तर गैरवाजवी प्रभाव वापरला नाही, हे सिद्ध करण्याचा भार कलम १६ प्रमाणे पुतण्यावर येतो.

पुरेसेपणाबाबत आणखी एक गोंधळ खास महाराष्ट्रातल्या मुलांचा असतो आणि त्याचं मूळ रेडी रेकनरमध्ये आहे. फ्लॅटचा सौदा ४५ लाखांचा, रेकनरप्रमाणे किंमत ६० लाख. दुय्यम निबंधकाकडे मुद्रांक शुल्क ६० लाखांवर भरावं लागतं. मग मुलं विचारतात, सरकारच ४५ लाख पुरेसे मानत नाही तर कोर्ट कसं मानेल? सरकारने तिथे फक्त स्वतःचं शुल्क कशावर घ्यायचं ते ठरवलं. घेणारा आणि देणारा यांच्यातला सौदा ४५ लाखांचाच राहतो आणि विकणाऱ्याला वरचे १५ लाख मागता येत नाहीत.

किंमत बघायची नाही म्हणजे काहीही चालेल, असंही नाही. १८७७ मधल्या मुंबईच्या रामचंद्र चिंतामण विरुद्ध काळू राजू या खटल्यात वकिलाने आधीच वकीलपत्र घेतलेलं होतं. त्यानंतर पक्षकाराने दावा जिंकला तर जादा रक्कम देण्याचं वचन दिलं. वकिलाची मेहनत काही कमी किमतीची नव्हती. पण ती मेहनत करायला तो वकीलपत्रामुळे आधीच बांधलेला होता, जादा रकमेच्या बदल्यात त्याने नवीन काही दिलं नाही. दावा फेटाळला गेला. ही पुन्हा प्रतिफल नसण्याची गोष्ट आहे, कमी असण्याची नाही.

दुर्गा प्रसादांच्या दाव्यात एक जागा मला नेहमी खटकते. दुकानं त्यांनी बांधलेली आणि व्यापारी तिथे बसून धंदा करत होते. ‘यापुढे तुम्हाला या दुकानांमध्ये बसू देतो, त्याबदल्यात दलाली द्या’ अशी मांडणी करता आली असती तर? बसू देणं ही चालू असलेली कृती आहे, आणि ती व्यापाऱ्यांच्या इच्छेवरून आहे असं म्हणायला कोणाची हरकत असणार? अर्थात त्यासाठी त्या जागेवर दुर्गा प्रसादांचा असा हक्क हवा, की ते व्यापाऱ्यांना ‘बसू नका’ म्हणू शकतील. आणि पुराव्यातून हेही दिसायला हवं की वचन त्या बसण्यासाठी दिलं होतं. न्यायालयासमोर जे आलं त्यात वचनाचं कारण म्हणून फक्त झालेला खर्च होता. व्यापाऱ्यांनी कृतज्ञतेपोटी ‘तुम्ही एवढा खर्च केलात म्हणून’ असं म्हटलं आणि दाव्याचा पाया त्या ‘म्हणून’च्या आधीच्या भागावर बसला. आज कोणी असाच करार लिहायला आला तर कागदात झालेल्या खर्चाचा उल्लेख खुशाल असू द्यावा, पण दलाली कशाबद्दल हे सांगणाऱ्या वाक्यात दुकानाचा वापर, रखवाली, झाडलोट, दिवाबत्ती यांपैकी यापुढे होणारं आणि समोरच्याने मागितलेलं काहीतरी लिहावं. अर्थात लिहिलेलं प्रत्यक्षात घडणारही असलं पाहिजे. होऊन गेलेल्या कामाला कागदावर भविष्यकाळ लावून काय होतं, ते ४८८ पौंडांनी दाखवलं आहेच.